वरचे ५६ येतात कुठून?

प्रश्न: माझ्याकडे एका कंपनीचे शेअर आहेत, आजचा भाव १०००. वर्षभर विकायचे नाहीत, पण भाव पडण्याची धास्ती आहे. वर्षभराच्या मुदतीचा १००० स्ट्राइकचा पुट ५२ ला मिळतोय आणि त्याच स्ट्राइकचा कॉल १०८ ला विकला जातोय. कॉल विकून पुट घेतला तर विमा होतो आणि वर ५६ हातात येतात. दोन्ही स्ट्राइक आजच्याच भावाचे, मग कॉल दुप्पट महाग का? बाजाराला भाव चढणार असं वाटतंय का? आणि हा व्यवहार करू का?

उत्तर: शेअर खरोखरच ठेवायचे असतील तर करू नका. ते ५६ म्हणजे तुमच्याच पैशांवरचं व्याज आहे, वर्षाच्या सुरुवातीलाच हातात पडणारं. त्याच्या बदल्यात शेअरमधून होऊ शकणारी सगळी कमाई तुम्ही सोडून देताय.

आधी वर्षअखेरचा हिशेब करून बघू. व्याजदर ७ टक्के आणि वर्षअखेरीला मिळणारा लाभांश शेअरमागे १० असं मी धरतो. तुम्ही सांगितलेल्या भावांशी हे आकडे जुळतात. समजा भाव ७०० वर आला. तुम्ही पुट वापरून शेअर १००० ला देता. समजा भाव १४०० झाला. आता कॉल घेणारा तुमच्याकडून शेअर १००० ला नेतो. म्हणजे काहीही झालं तरी १००० मिळणार. शिवाय लाभांशाचे १० आहेत, आणि आज मिळालेले ५६ ठेवीत ठेवले तर व्याजासह त्यांचे जवळजवळ ६० होतात. एकूण १०७०. आता दुसरा मार्ग घ्या: आजच शेअर १००० ला विकून पैसे ७ टक्क्यांच्या ठेवीत टाकले. वर्षाने किती? तेच १०७०. म्हणजे या व्यवहारात तुम्ही शेअर विकल्यातच जमा आहे, फक्त ते तुमच्या खात्यात दिसत राहतील. काही देशांचा करकायदाही अशा जोडीला विक्रीच समजतो, त्यामुळे शेअर न विकताच कर लागू शकतो.

आता कॉल महाग का, ते पाहू. तुम्ही १००० ला 'आजच्याच भावाचा' स्ट्राइक म्हणालात. पण हे ऑप्शन आज वापरायचे नाहीत, वर्षाने वापरायचे आहेत. म्हणून स्ट्राइकची तुलना वर्षाने शेअर द्यायचा-घ्यायचा सौदा आज कोणत्या भावाने ठरतो, त्याच्याशी करायला हवी. त्या भावाला फॉरवर्ड भाव म्हणतात.

तो ठरवायला कुणाच्या अंदाजाची गरज पडत नाही. कुणी तुम्हाला वर्षाने हा शेअर द्यायचं कबूल केलं तर त्याला जोखीम न घेता एकच करता येतं: आज १००० कर्जाऊ घ्यायचे, शेअर विकत घेऊन ठेवायचा, लाभांशाचे १० घ्यायचे आणि वर्षाने १०७० फेडायचे. त्याला शेअर १०६० ला पडतो, म्हणून सौदा १०६० चा. हे वरचे ६० म्हणजे कॉस्ट ऑफ कॅरी, म्हणजे वस्तू तोपर्यंत सांभाळायचा निव्वळ खर्च: व्याज जातं, लाभांश येतो. धातू किंवा तेल असेल तर गोदामभाडं आणि विमाही त्यात मिळवायचा. फॉरवर्ड १०८० ला विकता आला तर लोक कर्ज काढून शेअर घेतील आणि दर शेअरमागे २० सुटतील. १०४० ला मिळाला तर ज्यांच्याकडे शेअर आहेत ते आज विकतील, पैसे ठेवीत टाकतील आणि वर्षाने स्वस्तात परत घेण्याचा सौदा करून ठेवतील. अशी दोन्हीकडून ओढ लागते आणि भाव १०६० च्या आसपास येऊन थांबतो. 'आसपास' म्हणायचं कारण असं, की कर्जाचा दर ठेवीच्या दरापेक्षा जास्त असतो आणि विकायला शेअर उसने आणायचे तर त्याचं भाडं पडतं. त्यामुळे प्रत्यक्षात एका नेमक्या आकड्याऐवजी छोटा पट्टा मिळतो.

म्हणून भाव चढणार असं बाजाराला वाटतंय का, याचं उत्तर या ५६ मध्ये नाही. सगळ्यांना भाव पडण्याची भीती वाटत असली तरी व्याज ७ टक्के आणि लाभांश १० असेपर्यंत फॉरवर्ड १०६० च राहील. भीती वाढली तर पुट आणि कॉल दोन्ही महागतील, त्यांच्यातला फरक मात्र तेवढाच राहील. गणित असं:

```
F = S × (1 + r) − D
C − P = (F − K) / (1 + r)
```

इथे S आजचा भाव, r वर्षाचा व्याजदर, D लाभांश, F फॉरवर्ड, K स्ट्राइक, आणि C व P हे कॉल-पुटचे प्रीमियम. १०६० मधून १००० वजा केले की ६०, आणि त्यांची आजची किंमत ६० भागिले १.०७, म्हणजे ५६. १००० चा कॉल फॉरवर्डच्या हिशेबाने आधीच ६० नी फायद्यात आहे आणि पुट तेवढाच तोट्यात. खऱ्या अर्थाने 'अ‍ॅट द मनी' स्ट्राइक १०६० चा. वार्षिक चढउतार २० टक्के धरला (तुमच्या दोन्ही प्रीमियममधून साधारण तेवढाच निघतो), तर तिथे कॉल आणि पुट दोघेही ७९ च्या जवळपास येतील. फिशर ब्लॅक यांनी १९७६ साली ऑप्शनच्या सूत्रात आजच्या भावाऐवजी फॉरवर्ड भाव घातला आणि सूत्र सुटसुटीत झालं, कारण व्याज आणि लाभांश दोन्ही त्या एका आकड्यात आधीच आलेले असतात.

हे तुम्हाला घरबसल्या तपासता येतं. ऑप्शन चेनमध्ये कॉल आणि पुट यांचे प्रीमियम जिथे समान होतात तो स्ट्राइक शोधा. फॉरवर्ड तिथेच आहे. नेमका तसा स्ट्राइक नसेल तर जवळचा घ्या, कॉलमधून पुट वजा करा, त्यावर मुदतीचं व्याज चढवा आणि स्ट्राइकमध्ये मिळवा. तुमच्याच आकड्यांत ५६ गुणिले १.०७ मिळवून १०६० येतं. एक काळजी घ्या. शेवटच्या सौद्याचा भाव वापरू नका. लांब मुदतीच्या ऑप्शनमध्ये कॉलचा सौदा सकाळी आणि पुटचा दुपारी झालेला असतो, मध्ये शेअर हललेला असतो, आणि फॉरवर्ड भलताच येतो. त्याऐवजी खरेदी-विक्रीच्या बोलींचा मधला भाव घ्या. आणि हे समीकरण मुदतीच्या दिवशीच वापरता येणाऱ्या, म्हणजे युरोपियन, ऑप्शनना लागू पडतं. मध्येच वापरता येणाऱ्या अमेरिकन ऑप्शनमध्ये, विशेषतः लाभांशाच्या आसपास, फरक थोडा इकडेतिकडे होतो.

आजवर तुम्ही आठवड्याचे ऑप्शन पाहिले असतील तर हे लक्षात न येणं साहजिक आहे. १००० वर ७ टक्क्यांनी आठवड्याचं व्याज जेमतेम १.३५ होतं, त्यामुळे तिथे आजचा भाव आणि फॉरवर्ड एकच मानून चालतं. वर्षाच्या मुदतीला ही सवय महागात पडते. उलटही घडतं: याच शेअरवर १०० लाभांश येणार असता तर फॉरवर्ड ९७० झाला असता आणि १००० चा पुट कॉलपेक्षा महाग दिसला असता. तेव्हा तुम्ही कदाचित मला विचारलं असतं, की बाजार पडणार का. उत्तर तेव्हाही 'यातून कळत नाही' हेच असतं.

आता तुमच्यापुढचा निर्णय. शेअर वर जाण्याचा फायदा हवाच असेल तर ५२ देऊन नुसता पुट घ्या. लाभांशाचे १० धरले तर वर्षअखेरीला ९५८ च्या खाली तुम्ही जात नाही (५२ वर सुटलेलं व्याज वेगळं), आणि वरचा रस्ता मोकळा राहतो. हा खरा विमा आहे आणि म्हणूनच त्याला हप्ता आहे. ५२ जड वाटत असतील तर ९५० चा पुट घेऊन १२०० चा कॉल विका. २० टक्के चढउताराने दोन्ही ३४ च्या आसपास येतात, म्हणजे हातचे पैसे जवळजवळ जात नाहीत.

खाली ५० ची झळ आणि वर २०० चा फायदा हे ऐकायला फारच उदार वाटतं, म्हणून तेही फॉरवर्डवरून मोजा: ९५० तिथून ११० खाली आहे आणि १२०० तिथून १४० वर. आता तराजू बराच सारखा दिसतो. आजच्या भावावरून जे औदार्य वाटत होतं, त्यातला मोठा भाग तुम्ही शेअर धरून ठेवल्यामुळे सुटणारं व्याजच आहे. प्रत्यक्ष चेनमध्ये खालचे पुट बहुधा या हिशेबापेक्षा महाग असतील, त्यामुळे बिनखर्चात बसणारा कॉल १२०० च्या जरा खालीच सापडेल.

तुमच्या मनःस्थितीला मला हा दुसरा मार्ग जास्त जुळणारा वाटतो. पण कॉल विकण्याआधी दोन गोष्टी ब्रोकरला विचारून घ्या. पहिली, विकलेल्या कॉलच्या मार्जिनपोटी तुमचे शेअर तारण चालतात का. चालत नसतील तर भाव १४०० कडे जाताना रोख भरावी लागेल, आणि शेअरचा फायदा तर तेव्हा कागदावरच असेल. दुसरी, ऑप्शन मध्येच वापरता येणारे आहेत का. तसे असतील तर लाभांशाच्या आदल्या दिवशी शेअर तुमच्या हातून जाऊ शकतात.

आणि लाभांश कमी झाला तर? कॉल-पुटच्या भावांत अपेक्षित १० आधीच धरलेले असतात. कंपनीने ते दिलेच नाहीत तर तुमच्या मूळ व्यवहारात १०७० च्या जागी १०६० च हाती आले असते. म्हणजे सगळं बांधून ठेवल्यासारखं दिसत असतानाही तेवढी जोखीम तुमच्याच अंगावर राहिली असती. ९५०-१२०० च्या जोडीतही ती राहते, म्हणून कंपनीने लाभांशाबद्दल अलीकडे काय जाहीर केलंय ते वाचूनच ऑर्डर टाका.