डायॉक्सिन कचऱ्यात नसतं, धूर निवताना तयार होतं

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या मागे रोज संध्याकाळी कचरा पेटवतात. त्यातून डायॉक्सिन नावाचं विष निघतं म्हणे. पण इन्सिनरेटरमध्येही कचराच जाळतात ना? मग तिथे चालतं आणि इथे का नाही?

मी अकरा वर्षं दवाखान्यांचा कचरा जाळणाऱ्या एका केंद्रात भट्टीवर काम केलं. सुरुवातीला माझाही समज असाच होता, की आग ती आग. तो समज कुठे चुकतो ते सांगतो.

डायॉक्सिन प्लास्टिकच्या आत दडलेलं नसतं आणि जाळलं म्हणून बाहेर येतं, असंही नाही. ते नव्याने तयार होतं. त्याला चार गोष्टी लागतात: अर्धवट जळलेला कार्बन म्हणजे काजळी, क्लोरीन, थोडा ऑक्सिजन, आणि तांब्यासारख्या धातूचा अंश, जो ही सगळी जुळणी घडवून आणतो. पाचवी गोष्ट म्हणजे तापमान. साधारण २०० ते ४५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात, काजळीच्या कणांच्या पृष्ठभागावर ही जुळणी सर्वात जोरात होते. ८५० अंशांच्या वर, पुरेसा वेळ आणि हवा मिळाली, तर तेच रेणू तुटून जातात. म्हणजे खूप तापलेल्या आगीपेक्षा कोमट, धुमसणारी आग जास्त वाईट.

आता तुमच्या सोसायटीमागचा ढीग डोळ्यांसमोर आणा. साधी कॅरीबॅग पॉलिथिनची असते, तिच्यात क्लोरीन नसतं. पण ढिगात कॅरीबॅग एकटी नसते. पीव्हीसी पाइपचा तुकडा असतो, रेग्झिन असतं, जुन्या वायरचं आवरण असतं. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीनच असतं. आणि पीव्हीसी एकही नसलं तरी उरलेल्या भाजीतलं, लोणच्यातलं मीठ आहेच. वायरमध्ये तांबं आहे. ढिगाच्या वरच्या बाजूला ज्वाळा दिसतात, पण आत ओल्या सालींमुळे आणि हवा न पोहोचल्यामुळे नुसती धग राहते. काजळी भरपूर होते, आणि तो धूर सावकाश वर चढत, निवत, नेमक्या त्या घातक पट्ट्यातून जातो. डायॉक्सिन बनवायचं ठरवून मांडणी केली असती, तरी ती फारशी वेगळी झाली नसती.

भंगारातली तांब्याची वायर सोडवण्यासाठी तिचं आवरण जाळतात, ते यातलं सर्वात भयंकर. तिथे क्लोरीन आणि तांबं एकमेकांना चिकटलेलेच असतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१३ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत यासाठी अंदाजी आकडे दिले आहेत. विषारीपणाच्या हिशेबाने, उघड्यावर एक टन घरगुती कचरा जाळला तर हवेत सुमारे ४० मायक्रोग्रॅम डायॉक्सिन जातं. एक टन वायर जाळली तर १२,००० मायक्रोग्रॅम. उत्तम नियंत्रण असलेल्या इन्सिनरेटरसाठी हाच आकडा ०.५ आहे.

तुमच्याकडे रोज ५० किलो कचरा जळतो असं धरू. वर्षाला साधारण १८ टन, म्हणजे ७३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. तेवढंच डायॉक्सिन सोडायला त्या चांगल्या भट्टीला जवळजवळ १,४६० टन कचरा जाळावा लागेल. शिवाय तिचा धूर उंच चिमणीतून जातो. तुमचा मुलांच्या खेळण्याच्या उंचीवर पसरतो.

हा फरक नुसत्या तापमानामुळे पडत नाही. आमच्या भट्टीला दोन चेंबर होते. पहिल्यात कचरा जळायचा, दुसऱ्यात फक्त त्याचा धूर. नियमानुसार दुसऱ्या चेंबरचं तापमान १०५० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं आणि धूर तिथे किमान दोन सेकंद राहावा लागतो. त्यासाठी डिझेलचा वेगळा बर्नर असतो. पण तिथून बाहेर पडणारा वायू कधीतरी थंड होणारच, आणि तेव्हा तो परत त्याच पट्ट्यातून जाणार. म्हणून त्याच्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारून तो झटकन थंड करतात. जुळणीला वेळच मिळू द्यायचा नाही. कचऱ्यापासून वीज बनवणाऱ्या मोठ्या प्रकल्पांत ही उष्णता बॉयलरला हवी असते, तिथे वायू इतक्या झटपट थंड करता येत नाही. तिथे सक्रिय कोळशाची पूड वायूत फुंकतात, तिच्यावर डायॉक्सिन चिकटतं आणि ती पूड पुढे बॅग फिल्टरमध्ये अडकते. एका घनमीटर वायूत ०.१ नॅनोग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा या सगळ्यानंतर चिमणीवर गाठायची असते.

फिल्टरमध्ये अडकलेलं विष नाहीसं होत नाही, ते त्या बारीक राखेत असतं. कचऱ्याच्या भट्टीतून डायॉक्सिन निघतं हे पहिल्यांदा कळलं तेही ॲमस्टरडॅमच्या इन्सिनरेटरच्या अशाच उडत्या राखेतून, १९७७ साली. ही राख घातक कचऱ्यासाठीच्या अस्तर घातलेल्या खड्ड्यातच जायला हवी.

आता भट्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. वाईट इन्सिनरेटर उघड्या आगीपेक्षा वाईट असू शकतो. त्याच मार्गदर्शिकेत, धुरावर काहीच प्रक्रिया न करणाऱ्या भट्टीचा आकडा टनामागे ३,५०० मायक्रोग्रॅम आहे. पत्र्याच्या पिंपाला चिमणी लावून ‘इन्सिनरेटर’ म्हणून विकतात, ते घेऊ नका. आमच्याकडेही एकदा रात्री वीज गेली आणि जनरेटर लागला नाही. धूर ओढणारा पंखा थांबला, आपत्कालीन झाकण उघडलं आणि भट्टीतला कचरा फवारा, धूर धुणारा स्क्रबर काहीही न लागता चाळीस मिनिटं धुमसत राहिला. तो काळा धूर अजून आठवतो. भट्टी सुरू करताना आणि बंद करताना हाच धोका असतो, म्हणून दुसरं चेंबर पूर्ण तापल्याशिवाय आम्ही पहिली पिशवी टाकत नसू. डिझेल वाचवायला बर्नर बंद ठेवण्याचा मोह मात्र सगळीकडे असतो.

डायॉक्सिनला ओळखता येईल असा वास नाही, आणि चिमणीवर त्याची चाचणी रोज होत नाही. म्हणून एखादी भट्टी बघायला गेलात तर दुसऱ्या चेंबरचं तापमान आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा विचारा. तो सारखा उसळत असेल तर ज्वलन अर्धवट होतंय. खालच्या राखेत कागदाचे, प्लास्टिकचे ओळखू येणारे तुकडे दिसले तरी तेच समजा.

तुमच्या ढिगाबद्दल मला सर्वात जास्त काळजी वाटते ती राखेची. माणसाच्या शरीरात जाणारं बहुतेक डायॉक्सिन श्वासातून नाही, अन्नातून जातं. ते चरबीत विरघळतं. राख आणि काजळी गवतावर पडते, ते गवत म्हैस खाते, आणि ते दुधाच्या सायीत उतरतं. कोंबड्या राखेत चोची मारतात, ते अंड्यातल्या बलकात जातं. आपल्या शरीरात त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच ७ ते ११ वर्षं लागतात. लाकडाच्या राखेने भांडी घासायची, ती भाजीवर धुरळायची आपली जुनी सवय आहे. या राखेचं तसं काहीही करू नका. जिथे आजवर जाळलं तिथे वाफे घालू नका, कोंबड्या सोडू नका. उरलेली राख उडू नये म्हणून आधी पाणी शिंपडा, तोंडाला फडकं बांधा, गोणीत भरून गोणीचं तोंड शिवा आणि ही जाळलेल्या प्लास्टिकची राख आहे असं सांगूनच पालिकेच्या माणसांकडे द्या.