पगार, पेमेंट अन् फायलीची शेपटी

प्रश्न: "आमच्या पंचायत समितीत दिवसभर 'फाईल फॉरवर्ड केली', 'मीटिंगमध्ये डिसकस करू', 'पेमेंट झालं का' हेच ऐकू येतं. याला कोड-स्विचिंग, म्हणजे बोलता बोलता मधेच भाषा बदलणं म्हणायचं, की हे शब्द आता मराठीनं उसने घेतलेले धरायचे? फरक कसा ओळखायचा?"

आधी राग काढून घेतो, मग बोलतो. मागं मराठी भाषा दिनाला आमच्या तालुक्याच्या गावी एक पाहुणे आले, पाऊण तास त्यांनी सांगितलं की फाईल, टेबल, बँक म्हणणं म्हणजे कोड-स्विचिंग, म्हणजे भाषा सोडून पळणं. अन् चहा घेता घेता स्वतःच म्हणाले, "चला, बँकेत जरा काम आहे." बाप्पा, बँकेत म्हणालात ना, मग झालं की! इंग्रजीत आहे का कुठं 'बँके'?

शब्द कुठून आला ते पाहू नका, त्याची शेपटी पाहा. मराठीत नामाला मध्ये, ला, वर लागायच्या आधी नाम आपलं रूप बदलतं, शाळेत आपण त्याला सामान्यरूप म्हणून घोकलंय. वीट, विटा, विटेवर. भिंत, भिंती, भिंतीवर. आता पाहा, बँक गेली विटेच्या वळणावर: बँका, बँकेत. अन् फाईल गेली भिंतीच्या वळणावर: फायली, फायलीत. हे कोणत्या मास्तरानं शिकवलं? कोणीच नाही. चपराशापासून बीडीओपर्यंत सगळ्यांनी न ठरवता दोन शब्द दोन वेगळ्या कप्प्यांत टाकले, अन् हे काम पाहुणा शब्द करूच शकत नाही, ते घरच्याचंच काम. लिंगाचंही तेच. मीटिंग झाली, कारण आपल्याकडं सभा होते. ट्रेनिंग मात्र झालं, कारण प्रशिक्षण होतं. दोन्हींच्या शेवटी तोच 'इंग', तरी एक बाई अन् एक नपुंसक. ईमेलचं अजून भांडण चालू आहे, एका टेबलावर मेल आला अन् बाजूच्या टेबलावर मेल आली, म्हणजे तो शब्द अजून उंबरठ्यात चपला काढून राह्यला समजा.

खरं कोड-स्विचिंग वेगळं ऐकू येतं. साहेब फोनवर म्हणतात, "फाईल पाहिली मी, बट आय कान्ट साइन इट टुडे, तुम्ही सोमवारी या." इथं 'बट'पासून 'टुडे'पर्यंत इंग्रजीचं व्याकरण चाललंय, नकार क्रियापदाच्या आधी, कर्म क्रियापदाच्या नंतर. मराठीत 'मी आज सही करू शकत नाही' असं उलट असतं. रूळ बदलले, अन् बदलले कुठं, तर वाक्याच्या सांध्यावर. सांधा नसेल तिथं बदलत नाहीत. 'इन मीटिंग बोललो' असं म्हणणारा मला आजवर एकही भेटला नाही, कारण इंग्रजीचा 'इन' आधी येतो अन् आपला 'मध्ये' मागून, दोघांची बसायची जागाच जमत नाही.

भाषाशास्त्रज्ञ शाना पॉपलॅक यांनी न्यूयॉर्कातल्या प्युर्तो रिकोच्या लोकांचं स्पॅनिश-इंग्रजी बोलणं ऐकून १९८० मध्ये साधारण हेच मांडलं, की जिथं दोन्ही भाषांचा शब्दक्रम जुळतो तिथंच रूळ बदलतात, अन् एका भाषेच्या शब्दाला दुसरीचा प्रत्यय चिकटवायचा तर तो शब्द आधी आपलासा करावा लागतो. उलट दुसऱ्या भाषाशास्त्रज्ञ कॅरल मायर्स-स्कॉटन म्हणतात की वाक्याची चौकट एका भाषेची असली अन् शब्द दुसरीचा एकटा आला तरी ते कोड-स्विचिंगच, रुळलेला शब्द तेवढा बाजूला काढा. म्हणजे रुळला का नाही हे मोजत बसा! बाईंचा अभ्यास आफ्रिकेतला, मोठा आहे, पण आमच्या पंचायत समितीत फायलीची शेपटी पाहिली असती तर त्यांनी इतका घोळ घातला नसता असं मला वाटते.

आता 'फॉरवर्ड केली'. इथं मजा आहे. इंग्रजी क्रियापदाला मराठी प्रत्यय लावून 'फॉरवर्डली' कोणी म्हणत नाही. ते क्रियापद नागडं घ्यायचं अन् सगळं ओझं 'करणे'च्या पाठीवर टाकायचं, काळ, लिंग, वचन सगळं. 'फाईल फॉरवर्ड केली' मधला 'केली' फाईल बाई आहे म्हणून आला, इंग्रजीचा तिथं काडीचा संबंध नाही.

अन् ही युक्ती आजची नाही. पगार घ्या. पोर्तुगीजमध्ये 'पगार' हे क्रियापद आहे, अर्थ पैसे चुकते करणे. पोर्तुगीज क्रियापदाचं मूळ रूपच 'र'वर संपतं. त्यांच्याकडं पगाराचं नाम वेगळं आहे, 'पागा'. मग आपण 'पागा' का नाही घेतला? (आपली पागा घोड्यांनी भरली होती म्हणून असं मी गमतीनं म्हणतो.) माझं मत असं, की कोण्या कारकुनानं गोऱ्या साहेबाच्या तोंडचं क्रियापद जसंच्या तसं उचललं अन् मागं 'करणे' लावलं: पगार केला. जसं आज फॉरवर्ड केला, अप्रूव्ह केला. मग हळूहळू ते नाम झालं, अन् शेपटी फुटली: पगाराला, पगारातून, पगारी. कोणी म्हणतील नुसतं ऐकून घेतलं, 'करणे' नंतर आलं. असेल. पण मग तो 'र' का आला ते सांगा, मी ऐकतो.

त्याच्याही मागं जा. हा 'पगार' लॅटिन 'पाकारे'पासून, म्हणजे शांत करणे, 'पाक्स' म्हणजे शांतता. सावकाराच्या हाती पैसे दिले की तो शांत होतो, म्हणून चुकते करणे. इंग्रजीचा 'पे' पण तिथूनच, फ्रेंचातून फिरून आला. म्हणजे 'पगाराचं पेमेंट झालं' म्हणणारा मास्तर सख्ख्या चुलत भावांना एकाच वाक्यात बसवतो अन् त्याला पत्ताही नाही. आमच्याकडं तर शिक्षकांत नुसतं 'पेमेंट' म्हटलं की पगारच, दुसरं काही नाही: "पेमेंटातून कापलं बे!" अर्थ आवळला, नपुंसक झालं, 'पेमेंटातून' झालं. उसनं नव्हे, पचलेलं.

पण कसोटी सगळीकडं चालत नाही, ते सांगून टाकतो. एसटीला काही त्रास नाही, एसट्या, एसटीत. बस मात्र इतकी वर्षं रस्त्यावर असून 'बसमध्ये'च राह्यली, अन् अनेकवचन इंग्रजी 'बसेस'. तिला पाहुणी म्हणणार का? नाही. शेपटी आली तर शब्द घरचा हे पक्कं, शेपटी नाही म्हणून तो परका हे पक्कं नाही.

अन् आणखी एक गंमत. साहेब म्हणतात "मीटिंगला चला", चपराशी म्हणते "मिटिंगीले चाला". ज्याला इंग्रजी कमी येते त्याच्या तोंडी शब्द जास्त मराठी होतो, कारण त्याच्या डोक्यात मूळ स्पेलिंग आडवं येत नाही. 'फॉर्म्स भरा' हे इंग्रजी शिकलेल्याचं. ग्रामपंचायतीच्या खिडकीवर आमची आत्या 'फारम भरलं' म्हणते अन् मग विचारते, "किती फारमं भरायची?"

तुमचं 'डिसकस करू' राहिलंच. 'फॉरवर्ड'सारखंच आहे ते, क्रियापद इंग्रजी अन् 'करू' मराठी. बोला बिनधास्त, फक्त चर्चा खरंच करा, नुसती पुढच्या मिटिंगीवर ढकलू नका.