तिन्ही भाषांपुढे ‘अस्खलित’ लिहावे का?

‘मी फोंड्याची. प्राथमिक शिक्षण मराठीतून, पाचवीपासून इंग्रजी माध्यम, यंदा बीकॉम झाले. घरी कोकणी आणि मराठी दोन्ही बोलतो. आरोग्य विम्याच्या ग्राहक सेवेसाठी पणजीत निघालेल्या जागेला मराठी, हिंदी आणि इंग्रजीवर प्रभुत्व हवे आहे. माझी हिंदी शाळेपुरतीच. रेझ्युमेत तिन्हींपुढे ‘अस्खलित’ लिहू का? आणि कोकणीचा उल्लेख करावा का?’

तुम्ही जाहिरात सोबत जोडलीत हे बरे झाले, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर भाषेच्या ओळीत नसून त्याखालच्या कामाच्या वर्णनात आहे. गोवा आणि सिंधुदुर्गातील विमाधारकांचे फोन घेणे, रुग्णालयांच्या बिलिंग विभागाशी ई-मेलने बोलणे आणि प्रत्येक दाव्याची नोंद संगणकावर ठेवणे ही कामे तिथे दिली आहेत. याचा अर्थ मराठी आणि हिंदी प्रामुख्याने बोलण्यासाठी, तर इंग्रजी मुख्यतः लिहिण्यासाठी हवी आहे. जाहिरात लिहिणाऱ्याने तिन्हींना एकच विशेषण लावले म्हणून तुम्हीही लावावे असे नाही.

केंद्र सरकारच्या कार्यालयांत हिंदीची ‘प्रवीणता’ आणि ‘कार्यसाधक ज्ञान’ यांच्या व्याख्या 1976 च्या राजभाषा नियमांत दिलेल्या आहेत. खासगी जाहिरातीतल्या ‘अस्खलित’ला अशी कोणतीही व्याख्या नाही, त्यामुळे तो शब्द वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. बहुतेक रेझ्युमेंत तो असतोच, आणि म्हणूनच तो कुणी गांभीर्याने घेत नाही. भाषेपुढे कौशल्य आणि त्याचा आधार लिहावा. इंग्रजीतल्या रेझ्युमेत या अर्थाच्या ओळी पुरेत :

मराठी : बोलणे, वाचणे, लिहिणे; प्राथमिक शिक्षणाचे माध्यम; युनिकोड देवनागरी टंकलेखन.
इंग्रजी : पाचवीपासून पदवीपर्यंत शिक्षणाचे माध्यम, अहवाल आणि ई-मेल लेखन.
हिंदी : संभाषण आणि वाचन, शालेय विषय.
कोकणी : घरची भाषा, संभाषण.

टंकलेखन खरोखर येत असेल तरच ते लिहा. रोमन अक्षरांत मराठी संदेश पाठवण्याची सवय म्हणजे देवनागरी टंकलेखन नव्हे, आणि मुलाखतीत दोन ओळी टाइप करायला सांगितल्या की हा फरक लगेच उघड होतो. हिंदीच्या ओळीत ‘लिहिणे’ मुद्दाम गाळले आहे. ‘येत नाही’ असे लिहिण्याची गरज नसते. ज्याचा दावा केला नाही, त्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही.

आता हिंदी संभाषणाचा तुमचा दावा तरी खरा आहे का, ते अर्ज पाठवण्यापूर्वी घरीच तपासा. समजा, एका विमाधारकाच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 4,000 रुपये आहे आणि त्याने 5,000 रुपयांची खोली घेतली. अशा वेळी अनेक पॉलिसींच्या अटींनुसार खोलीभाड्याबरोबरच डॉक्टरांच्या शुल्कासारखे संलग्न खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे 80 टक्केच मंजूर होतात. चिडलेल्या माणसाला ही कपात हिंदीत समजावून सांगा आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐका. दूरदर्शन मालिकांवर पोसलेली हिंदी अशा ठिकाणी अडखळते. क्रियापदाचे लिंग चुकते, ‘आप’ म्हणता म्हणता मध्येच ‘तुम’ येते आणि मुख्य म्हणजे आकड्यांचा घोटाळा होतो. आपल्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ‘उनसठ’ आणि ‘उनहत्तर’ यांत कुठले 59 आणि कुठले 69 हे चटकन सांगता येत नाही. विम्याच्या रकमेत ही चूक महागात पडते. अडलात तर आकडे इंग्रजीत सांगा, ग्राहकांना ते खटकत नाही. पण वाक्य हिंदीतच पूर्ण झाले पाहिजे. तेही जमले नाही, तर हिंदीपुढे ‘प्राथमिक संभाषण’ लिहा आणि तरीही अर्ज करा, कारण या जागेवर सिंधुदुर्गाचे फोन मराठीतच येणार आहेत.

मराठीबाबतही एक सावधगिरी हवी. शाळेत आणि घरी वापरलेली मराठी पक्की असली, तरी ‘दावा नामंजूर’, ‘प्रतीक्षा कालावधी’, ‘पूर्वीपासूनचा आजार’ हे शब्द बीकॉमच्या इंग्रजी पुस्तकांतून तुमच्या तोंडी बसलेले नसतील. एखाद्या पॉलिसीचे मराठी माहितीपत्रक मोठ्याने वाचून काढा.

कोकणी जाहिरातीत मागितलेली नसली तरी ती ओळ काढू नका. गोव्यातले निम्मे फोन कोकणीत सुरू झाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. उद्या राज्य सरकारच्या जागांसाठी अर्ज कराल तेव्हा मात्र हीच ओळ वर न्या. तिथे भरती नियमांत सहसा कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट मानलेले असते, त्यामुळे खासगी कंपनीला पाठवलेला रेझ्युमे तसाच तिथे जोडू नका.