चंद्रावरच्या मार्शलला बंदुकीऐवजी कुलूप द्या

प्रश्न: चंद्रावरची धुळकट खाणवस्ती आणि तिथे कायदा सांभाळणारा एकटा मार्शल, अशी वेस्टर्न ढंगाची कथा लिहितोय. हवा, पाणी, पगार सगळं कंपनीच्या हातात असताना लोक त्याचं का ऐकतील?

उत्तर:

बंदुकीच्या धाकाने तर नक्कीच नाही. बंदूक तिथे चालेल, कारण काडतुसातल्या दारूला बाहेरची हवा लागत नाही. पण साध्या पिस्तुलाची आडवी झाडलेली गोळी सपाट जागेवर अर्धा किलोमीटर गेल्यावर जमिनीला लागेल. वस्तीच्या आत झाडली तर भिंतीला भोक, म्हणजे गुन्हेगार आणि मार्शल दोघांचीही हवा गेली. पिस्तूल शोभेला कमरेला असू द्या, पण कथा त्यावर उभी करू नका.

मी बरीच वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकल कारखान्यांत सेफ्टीचं काम केलं. मालक नाही, पोलीस नाही, आणि तरीही अख्खा प्लांट थांबवू शकणारा एकटा माणूस मी तिथे रोज पाहिला आहे. त्याच्याकडे असतं एक लाल कुलूप. मिक्सरच्या आत दुरुस्तीला उतरण्याआधी फिटर त्याचा मेन स्विच बंद करतो, त्यावर स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात टाकतो. चौघे उतरले तर चार कुलपं. चौथं निघेपर्यंत मशिन सुरू होत नाही. याला आम्ही लोटो म्हणतो. दोन मिनिटांत कटरने तुटेल असं ते कुलूप असतं, पण रात्रपाळीत प्रॉडक्शनसाठी आरडाओरडा चाललेला असतानाही कामगार त्याला हात लावत नाहीत. कारण उद्या आत आपण असणार असतो. आज दुसऱ्याचं तोडलं, तर उद्या आपल्या कुलपालाही किंमत उरत नाही.

तुमच्या मार्शलचा कायदा इथे रोवा. एअरलॉकवर, लिफ्टवर, ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हवर त्याचं कुलूप लागलं की खाणकामगार ते पाळतील. मार्शलवर प्रेम असायची गरज नाही, त्यांचा स्वतःचा जीव त्याच सवयीवर टांगलेला आहे. बिल्ल्याला मात्र फारसं वजन देऊ नका. १९६७ च्या अंतराळ करारानुसार चंद्रावरची जमीन कुठल्याच देशाची नाही, पण प्रत्येक यान किंवा वस्तीवर ज्या देशाने तिची नोंदणी केली त्याचा अधिकार चालतो. म्हणजे दोन देशांची मॉड्यूल्स जोडलेली असतील तर एका दारातून पलीकडे पाऊल टाकलं की अटकेचा कागद वादात सापडतो. कुलपाला ती अडचण नाही.

आता धूळ. बहुतेक कथांत ती नुसती उडते. चंद्रावर हवा नसल्यामुळे ती तरंगतच नाही. चाकाने उडवलेला प्रत्येक कण दगडासारखा कमान करून खाली येतो. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या गाडीच्या मडगार्डचा तुकडा तुटला, तेव्हा सरनन आणि श्मिट यांच्या अंगावर धुळीचा पाऊस पडू लागला. शेवटी त्यांनी नकाशांचे कागद टेपने चिकटवून मडगार्ड बनवलं. वारा-पाण्याने घासलेली नसल्यामुळे ही धूळ धारदार राहते आणि सूटला चिकटून बसते. केबिनमध्ये आलेल्या ताज्या धुळीला अंतराळवीरांना जळलेल्या बंदुकीच्या दारूसारखा वास आला होता, पण पृथ्वीवर आणलेल्या नमुन्यांना तो राहिला नाही. गुन्ह्याचा तपास करणाऱ्याला याहून काय हवं?

एक प्रसंग मांडून दाखवतो. वस्ती दक्षिण ध्रुवाजवळ ठेवा. बर्फ तिथे मिळण्याची आशा आहे म्हणून खाणही पटते, आणि तिथे सूर्य क्षितिजालगत असल्याने बुटाच्या नक्षीची कडही लांब सावली टाकते. एक ट्रकचालक खड्ड्याच्या काठावर मेलेला सापडतो. मॅनेजर म्हणतो, ट्रक बंद पडला, उतरून एकटाच चालत निघाला, हवा संपली. एअरलॉकच्या रजिस्टरमध्येही त्या पाळीत दुसरं कोणी बाहेर गेल्याची नोंद नाही.

पृथ्वीवरचा माग काढणारा ठसा ताजा की शिळा हे आधी बघतो. इथे ते जमत नाही, वारा नसल्यामुळे मागच्या वर्षीचा ठसाही कालच्यासारखाच दिसतो. म्हणून मार्शल एकच गोष्ट बघतो: कुठला ठसा कुठल्याच्या वर आहे. मृताच्या बुटांच्या ठशांवरून ट्रकचं चाक गेलेलं आहे. म्हणजे तो उतरून चालू लागल्यावर ट्रक चालला, आणि बंद पडलेला ट्रक स्वतःहून चालत नाही. चाकाच्या त्या पट्ट्यावर वेगळ्या नक्षीचे बूट उमटले आहेत, मृताकडून परत एअरलॉककडे जाणारे. मृताच्या सूटच्या फक्त पाठीवर धुळीचा जाड थर आहे. तो पाठमोरा असताना ट्रक जवळून गेला. सूट ठेवायच्या खोलीत मार्शल आला तेव्हा जळक्या दारूचा वास होता, आणि रजिस्टर म्हणतं कोणी आत आलंच नाही. इतक्यावरून गुन्हेगाराचं नाव कळत नाही, हे लक्षात ठेवा. कळतं ते एवढंच की रजिस्टर खोटं आहे. शिवाय हा पुरावा वस्तीजवळच्या वर्दळीच्या रस्त्यावर मिळायचाच नाही, दहा ट्रक गेले की सगळे थर एक होतात. म्हणून मार्शलने पहिलं काम करायचं ते त्या रस्त्याच्या एअरलॉकवर कुलूप ठोकायचं. वाहतूक थांबली पाहिजे.

खरी कथा इथून सुरू होते, कारण आता तासागणिक कंपनीचं नुकसान आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या मार्शल लोकांना १८९६ पर्यंत पगार नव्हता, कामागणिक फी मिळायची. तुमच्या मार्शलची फी कंपनी भरत असेल तर मॅनेजर आधी तीच रोखेल. मग त्याच्या खोलीच्या हवेचं बिल काढेल. मग एखाद्या कर्जबाजारी कामगाराच्या हाती कटर देईल. तो कामगार कुलपापर्यंत जाऊन परत येतो, हा प्रसंग घाईत उरकू नका. आमच्या शॉप फ्लोअरवर अशा वेळी कोणी भाषण करत नाही. कोणीतरी म्हणतं, ‘अरे, सोड ना, चहा घे,’ आणि विषय संपतो.

आणि कुलूप कायदेशीर मार्गाने काढायचा नियम आमच्याकडे आहे, तो जसाच्या तसा वापरा. कुलपाचा मालक कुलूप विसरून घरी गेला असेल, तर आधी गेटवर विचारून तो आवारात नाही याची खात्री करायची, त्याला फोन लावायचा, जागा रिकामी आहे हे बघायचं, सह्या घ्यायच्या, आणि मगच ते कापायचं. चंद्रावर मार्शल घरी जात नाही. म्हणजे नियमाने कुलूप कापायचं तर मॅनेजरला मार्शल वस्तीत नाही असं दाखवावं लागेल: त्याला पुढच्या यानात बसवून, किंवा रजिस्टरमध्ये आणखी एक खोटी नोंद करून. त्यातलं काय निवडायचं ते तुम्ही ठरवा. मी लिहीत असतो तर मॅनेजरने आधी यान सुचवलं असतं, तेही अगदी अदबीने, बढतीच्या पत्रासकट.