डोल, परांचन की डगमग?

प्रश्न : ग्रह फिरताना जो 'वॉबल' होतो, त्याला मराठीत 'परांचन' म्हणायचं का? आणि बाहेरून कुणीच ढकलत नसेल तर तो होतोच कसा?

नुसतं 'परांचन' म्हणू नये. 'मुक्त परांचन' चालेल, आणि रोजच्या लिखाणात मी 'डोल' लिहीन. शब्दाचा घोळ होतो तो इंग्रजी 'वॉबल'मुळे. त्या एका शब्दात निदान दोन वेगळ्या हालचाली कोंबलेल्या असतात, आणि त्यांची कारणंही वेगळी असतात.

आधी 'परांचन' पाहू. संस्कृतात 'पराञ्च्' म्हणजे पाठ फिरवलेला, उलट दिशेला वळलेला. इंग्रजी 'प्रिसेशन'चा लॅटिन उगम बरोबर उलट सांगतो, 'पुढे जाणं', कारण संपात, म्हणजे दिवस-रात्र सारखी असण्याचा क्षण, दर वर्षी थोडा आधी गाठला जातो. घटना तीच, पण एका भाषेनं वेळ पाहिली आणि दुसरीनं दिशा. पृथ्वीच्या फुगीर विषुववृत्ताला सूर्य आणि चंद्र ओढतात, त्यातून टॉर्क, म्हणजे पिळून फिरवू पाहणारा जोर, तयार होतो, आणि अक्ष आकाशात सुमारे 26,000 वर्षांत एक फेरा पुरा करतो. मराठी वाचकाच्या डोक्यात 'परांचन' म्हटल्यावर हेच येतं, म्हणजे बाहेरच्या ओढीचा परिणाम.

तुम्ही विचारताय ती हालचाल बाहेरचा टॉर्क शून्य असतानाही होते. ती कशी, हे समीकरणांतून फार स्वच्छ दिसतं. टॉर्क नसेल तर कोनीय संवेग बदलत नाही, हे खरं. पण लोक इथून पुढे 'म्हणजे अक्षही बदलत नाही' अशी उडी मारतात, आणि ती चुकते. कोनीय संवेग म्हणजे कोनीय वेग गुणिले जडत्व-परिबल, आणि हे जडत्व-परिबल, म्हणजे फिरण्यातल्या बदलाला वस्तू करते तो विरोध, प्रत्येक दिशेला सारखं नसतं. फिरण्याची दिशा वस्तूच्या सममिती-अक्षाशी तंतोतंत जुळली नाही, तर कोनीय वेग एका दिशेला आणि कोनीय संवेग जरा वेगळ्या दिशेला असतो. संवेग आकाशात खिळलेला असतो, त्यामुळे बाकीच्या दोघांना, म्हणजे सममिती-अक्षाला आणि फिरण्याच्या अक्षाला, त्याच्याभोवती फिरत राहावं लागतं.

सममिती-अक्षाभोवतीचं जडत्व-परिबल C आणि त्याला काटकोनातल्या कुठल्याही अक्षाभोवतीचं A असं धरू. वस्तूला चिकटलेल्या तीन अक्षांवरचे कोनीय वेगाचे घटक ω1, ω2, ω3 असे धरले (तिसरा सममिती-अक्षावरचा), तर गणितज्ञ ऑयलरची समीकरणं अशी होतात :

```
A·dω1/dt = -(C - A)·ω3·ω2
A·dω2/dt = +(C - A)·ω3·ω1
C·dω3/dt = 0
```

उजवीकडची गुणाकाराची पदं म्हणजे बाहेरून आलेलं बल नाही. आपण ज्या अक्षांवर मोजतोय ते अक्षच वस्तूबरोबर गरगरतायत, त्याचा हा हिशेब आहे. तिसरं समीकरण सांगतं की ω3 कायम राहतो. मग पहिली दोन अगदी सोपी होतात, आणि उत्तर येतं ω1 = m·cos(Ωt), ω2 = m·sin(Ωt). यातला Ω असा :

```
Ω = ((C - A)/A)·ω3
```

म्हणजे वस्तूवर बसून पाहणाऱ्याला फिरण्याचा अक्ष सममिती-अक्षाभोवती एक छोटं वर्तुळ काढताना दिसतो. वर्तुळ किती मोठं हे m ठरवतो, आणि m सुरुवातीच्या धक्क्यावर अवलंबून असतो. फेरा किती वेळात होणार हे मात्र, कोन लहान असेल तोवर, फक्त आकार आणि फिरण्याचा वेग ठरवतात. C आणि A सारखे असले, जसे अगदी एकसारख्या गोळ्यात असतात, तर Ω शून्य होतो आणि डोलच उरत नाही. ग्रह डोलू शकतो तो फिरण्यामुळे मध्यावर फुगलेला असतो म्हणून.

हे एका पातळ गोल तबकडीवर तपासून पाहा. तिच्यासाठी C = 2A, म्हणून Ω = ω3. भागाकारात A ऐवजी C लिहिण्याची चूक वारंवार होते. पृथ्वीच्या बाबतीत ती खपून जाते, कारण फरक नगण्य असतो. तबकडीत मात्र उत्तर निम्मं येतं आणि चूक लगेच पकडली जाते.

तबकडी जरा तिरकी भिरकावली आणि कडेवर एक खूण केली, तर बाहेर उभा राहून पाहणाऱ्याला काय दिसतं? Ω = ω3 म्हणजे एका फेऱ्यात एक डोल असं वाटेल, पण दिसतात दोन. बाहेरून मोजलं तर सममिती-अक्ष संवेगाभोवती (C/A)·ω3 या वेगानं फिरतो, म्हणजे तबकडीत ω3 च्या दुप्पट. वस्तूवर बसलेला माणूस स्वतःही तेवढ्या वेळात एकदा फिरलेला असतो, म्हणून त्याच्या मोजणीत एक कमी भरतो. आतला आकडा आणि बाहेरचा आकडा यांत दर फेऱ्यामागे बरोबर एकाचा फरक. कुठून पाहताय हे न सांगता 'वॉबलचा काळ' लिहिला, तर वाक्य अर्धवट राहतं.

हाच हिशेब पृथ्वीला लावला की गंमत वाढते. पृथ्वीसाठी (C - A)/A साधारण 1/305 आहे, म्हणून जमिनीवर बसलेल्याला डोलाचा फेरा सुमारे 305 दिवसांचा दिसायला हवा. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र 305 परिवलनांत 306 डोल दिसतील, म्हणजे जवळजवळ रोज एक. तरीही ही एकच हालचाल आहे.

ऑयलरचं हे भाकीत अठराव्या शतकातलं. पुढे निरीक्षक दहा महिन्यांचा फेरा शोधत राहिले आणि हाती काही लागेना. 1891 मध्ये अमेरिकेतल्या सेथ चँडलर यांनी काळ आधी गृहीत न धरता अक्षांशांच्या नोंदी तपासल्या, तर त्यांना सुमारे 14 महिन्यांचा फेरा सापडला. आज तो सुमारे 433 दिवस मानतात. पुढच्याच वर्षी सायमन न्यूकम यांनी यातली मेख सांगितली : ऑयलरची समीकरणं चुकलेली नव्हती, पृथ्वी टणक आहे हे गृहीतक चुकलं होतं. अक्ष सरकला की पृथ्वीचा फुगवटा आणि समुद्राचं पाणी थोडंफार त्याच्यामागे सरकतात. जेवढा फुगवटा अक्षामागे गेला, तेवढा डोल घडवण्याच्या कामातून बाद होतो. (C - A) चा प्रत्यक्ष कामाला येणारा भाग घटतो, Ω घटतो आणि काळ लांबतो. आतला द्रवरूप गाभा उलट काळ थोडा कमी करतो, पण लांबवणारी बाजू भारी पडते.

आता शब्द पारखायची कसोटी देतो. हालचाल दिसली की विचारायचं, ध्रुवतारा बदलतो की अक्षांश बदलतात? सूर्यचंद्रांच्या ओढीनं होणाऱ्या परांचनात अख्खी पृथ्वी अक्षासकट वळते. आकाशातला ध्रुवबिंदू ताऱ्याला सोडून दुसरीकडे जातो, पण जमिनीवरचा ध्रुव जागच्या जागी राहतो आणि कुठल्याही गावाचा अक्षांश त्यामुळे बदलत नाही. मुक्त डोलात नेमकं उलटं होतं. समजा, फिरण्याचा अक्ष सममिती-अक्षापासून 0.2 विकला ढळलाय. विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग, पृष्ठभागावर सुमारे 31 मीटर, म्हणून ध्रुव जमिनीवर सहा मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढेल आणि सगळ्यांचे अक्षांश तेवढे मागेपुढे होतील. आकाशात मात्र फिरण्याचा अक्ष खिळलेल्या संवेगापासून फक्त याच्या 1/305 इतकाच लांब असतो, म्हणजे पृष्ठभागावर मोजलं तर जेमतेम दोन सेंटिमीटर. ध्रुवताऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून जमिनीवरच्या या सरकण्याला 'ध्रुवचलन' म्हणणं मला सर्वांत नेमकं वाटतं. त्यात ऋतूंमुळे हवापाण्याची जी हलवाहलव होते तिचा वर्षाचा फेराही मिसळलेला असतो. 433 आणि 365 दिवसांचे हे दोन फेरे कधी एकमेकांना साथ देतात, कधी छेदतात, आणि ध्रुवाचं वर्तुळ सुमारे साडेसहा वर्षांच्या चक्रात फुगतं-आकसतं.

मंगळाचीही अशीच डुलकी 2020 मध्ये जाहीर झाली. फेरा सुमारे 207 दिवसांचा, ध्रुवाची सरक 10 सेंटिमीटरच्या आसपास. (हे 'डुलकी' माझं. झोपेशी संबंध नाही.)

डोल सुरू व्हायला आणि टिकायला बाहेरचा टॉर्क लागत नाही, वस्तुमान आतल्या आत हललं तरी पुरतं. समुद्रतळावरचा पाण्याचा दाब किंवा हवेचा भार सरकला की सममिती-अक्ष थोडा हलतो, संवेग तिथेच राहतो, आणि दोघांत कोन पडला की डोल आलाच. असं खतपाणी मिळालं नाही, तर आतल्या घर्षणानं पृथ्वीचा डोल काही दशकांत विरून जाईल.

म्हणूनच ग्रहासाठी 'डगमगणे' मला पटत नाही. डगमगणारा पडण्याच्या बेतात असतो. चपट्या ग्रहाला ती भीती नाही : त्याच संवेगाला सर्वांत कमी ऊर्जा जडत्व-परिबल सर्वांत मोठं असलेल्या अक्षाभोवती फिरण्यात लागते, आणि चपट्या ग्रहात तो सममिती-अक्षच असतो, त्यामुळे घर्षण ऊर्जा खातं तसा तो उलट सावरत जातो. 'लटपटणे' पायांचं, 'डुगडुगणे' आखूड पायाच्या टेबलाचं, 'हेलकावे' एकाच रेषेत मागेपुढे जाणारे. सायकलचं 'आऊट' झालेलं चाक तर पूर्ण वेगळं, कारण तिथे धुरा अक्षाला जखडून ठेवते आणि बेअरिंग टॉर्क देतात. अक्ष गोल फिरतो आणि लय राखतो, हे 'डोल' बरोबर पकडतो. भोवरा डोलतो असं आपण म्हणतोच. फक्त भोवऱ्याच्या डोलामागे गुरुत्वाकर्षणाचा टॉर्क असतो, म्हणून शास्त्रीय मजकुरात 'मुक्त' हे विशेषण गाळू नये.

'डगमग' हा शब्द योग्य ठरेल अशीही एक जागा आहे. 1958 मध्ये अमेरिकेनं सोडलेला एक्स्प्लोरर-1 उपग्रह पेन्सिलीसारखा लांबुडका होता, आणि त्याला लांबीच्या अक्षाभोवती फिरवून सोडलं होतं. त्या आकारात C हा A पेक्षा लहान असतो. समीकरणात Ω उणा येतो, म्हणजे डोल उलट दिशेला, इतकंच. टणक वस्तूसाठी तेही स्थिर आहे. पण त्याचे अँटेना लवचीक होते, ते वाकता-वाकता ऊर्जा गिळत गेले, आणि इथे कमी ऊर्जेची स्थिती आडवं होऊन फिरण्याची होती. डोल विरण्याऐवजी वाढत गेला आणि उपग्रह थोड्याच वेळात आडवा गिरक्या घेऊ लागला. तो डगमगला, असं खुशाल लिहावं.