युरो-डॉलरच्या चार्टवर पीओसी म्हणजे नेमकं काय, आणि त्यावर विश्वास ठेवावा का?

प्रश्न: युरो-डॉलरवर कोणत्या भावाला किती उलाढाल झाली हे दाखवणारं व्हॉल्यूम प्रोफाइल लावलं की पीओसीची रेघ दिसते. तिथे लगेच खरेदी करायची का?

नाही, लगेच नको. ज्या भावाला सर्वाधिक उलाढाल झाली तो पीओसी, म्हणजे पॉइंट ऑफ कंट्रोल. घेणारे आणि विकणारे दोघांनाही तो भाव पटला होता एवढंच ती रेघ सांगते, दिशा सांगत नाही. तिच्याभोवतीचा साधारण ७० टक्के उलाढालीचा पट्टा म्हणजे व्हॅल्यू एरिया, आणि खरं काम त्याच्या कडांवर असतं. समजा कालचा पट्टा १.०८२५ ते १.०८६० आणि पीओसी १.०८४२ होता. आज भाव १.०८७५ वरून उतरून पट्ट्यात शिरला आणि अर्ध्या तासाच्या दोन कँडल आतच बंद झाल्या, तर वरचा भाव बाजाराने नाकारला असं समजून १.०८४२ हे पहिलं लक्ष्य धरा. भाव पट्ट्याबाहेरच टिकून तिथे नवी उलाढाल साचू लागली, तर जुना पीओसी सोडून द्या. चालू दिवसाचा पीओसी सरकत राहतो, म्हणून पूर्ण झालेल्या दिवसाचाच घ्या.

एक अडचण मात्र आहे: स्पॉट फॉरेक्सला एक मध्यवर्ती एक्स्चेंज नाही, त्यामुळे ब्रोकरचा व्हॉल्यूम बहुधा फक्त टिकची, म्हणजे भाव किती वेळा बदलला याची, मोजणी असते. शक्य असेल तर शिकागोच्या सीएमई एक्स्चेंजवरच्या युरो फ्यूचर्सचं (6E) प्रोफाइल पाहा आणि फ्यूचर्स-स्पॉटमधला फरक वजा करूनच पातळी स्पॉट चार्टवर आखा.