पेट्रोल-डिझेलचे शहरवार दर: रोजची नोंद कशी ठेवावी

प्रश्न: महाराष्ट्रातली वीसेक शहरं आणि तुलनेला दिल्ली, असा रोजच्या इंधन दरांचा डॅशबोर्ड करतोय. जिथून दर घेतो तिथे फक्त आजचा आकडा असतो, कालचा मिळत नाही. म्हणून पायथन स्क्रिप्ट रोज चालवून तारीख, शहर, दर असं CSV मध्ये लिहितो. गेल्या महिन्यात चार दिवस स्क्रिप्ट चालली नाही, ते दिवस आदल्या दिवसाच्या दराने भरले. आता फाइल फुगू नये म्हणून दर बदलला तरच ओळ लिहावी असा विचार आहे. काही चुकतंय का?

उत्तर:

दुसरा विचार आधी सोडून द्या. मीही पहिलं वर्ष तसंच केलं होतं. दर बदलला की ओळ, नाहीतर काही नाही. फाइल छान सुटसुटीत दिसायची. एकदा पंपावरची पावती आणि माझा आलेख यात फरक दिसला म्हणून शोधायला गेलो, तर त्या पानावरच्या तक्त्यात एक रकाना वाढला होता आणि माझी स्क्रिप्ट कित्येक आठवडे रोज पहाटे मुकाट्याने आपटत होती. ती नेमकी कधीपासून बंद आहे तेही सांगता येईना, कारण दर हलला नाही तरी फाइल गप्प आणि स्क्रिप्ट मेली तरी फाइल गप्पच.

इंधनाच्या बाबतीत हे जास्त नडतं. दर रोज सकाळी सहाला बदलण्याची पद्धत १६ जून २०१७ पासून देशभर आहे (त्याआधी १ आणि १६ तारखेला बदलायचे), पण बदलण्याची मुभा आहे म्हणून ते बदलतातच असं नाही. दिल्लीत २२ मे २०२२ ते १४ मार्च २०२४ पेट्रोल ९६.७२ वर होतं. जवळपास बावीस महिने! तुमच्या पद्धतीने या काळाची एकच ओळ झाली असती, आणि बाकीच्या साडेसहाशे दिवसांत तुम्ही खरंच पाहिलं होतं की नाही याचा पुरावा शून्य.

गिटहब ॲक्शन्सवर स्क्रिप्ट चालवणार असाल तर यातच आणखी एक सापळा आहे. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर वेळापत्रकावरची कामं तिथे आपोआप बंद होतात. म्हणजे दर थिजलेले असताना तुम्ही काही कमिट करणार नाही, म्हणून काम बंद पडणार, आणि दर हलायला लागतील तेव्हा नोंदवायला कोणी नसणार. रोज ओळ लिहिली की हा प्रश्नच येत नाही. फाइल फुगण्याची काळजी नको. वीस शहरं, दोन इंधनं, दिवसातून दोन फेऱ्या म्हणजे रोज ८० ओळी, वर्षाला २९,२०० ओळी. एवढ्याने काही होत नाही.

आता ते भरलेले चार दिवस. खाडा आदल्या दिवसाच्या दराने भरला की काय होतं ते एका खऱ्या आठवड्यावर बघा. मार्च २०२२ मध्ये दिल्लीत पेट्रोल असं चढलं: २६ तारखेला ९८.६१, २७ ला ९९.११, २८ ला ९९.४१, २९ ला १००.२१. समजा २७ आणि २८ ला तुमची स्क्रिप्ट पडली होती. आदल्या दराने भरलंत तर दोन दिवस ९८.६१ ची सपाट रेघ, आणि २९ ला एकदम १ रुपया ६० पैशांची उडी. अशी उडी त्या पंधरवड्यात कधीच नव्हती, दिवसाची सर्वांत मोठी वाढ ८० पैशांची होती. बरं, दोन टोकांमध्ये सरळ रेघ ओढून भरलंत तर २७ ला ९९.१४ आणि २८ ला ९९.६८ येतात. हे आकडे दिल्लीच्या पंपांवर लागलेच नव्हते. पहिला तीन पैशांनी चुकला तो केवळ नशिबाने, दुसरा सत्तावीस पैशांनी.

म्हणून खाडा हा खाडाच ठेवायचा. खाड्याच्या दोन्ही बाजूंना दर एकच असेल तर मधले दिवस 'अंदाजे तोच' अशी खूण करून दाखवता येतात, तेही आलेखात तुटक रेघेने. दोन बाजूंचे दर वेगळे असतील तर इतकंच म्हणता येतं की बदल २७ ते २९ या तीन दिवसांत कधीतरी झाला. मूळ नोंदीच्या तक्त्यात मात्र दोन्ही वेळी काहीही घालायचं नाही. तो तक्ता फक्त 'मी अमुक वाजता हे पाहिलं' एवढंच सांगतो.

माझा तक्ता असा आहे, SQLite मध्ये:

```sql
CREATE TABLE nond (
  seen_at   TEXT NOT NULL,  -- भारतीय वेळ
  seen_date TEXT NOT NULL,
  city_id   TEXT NOT NULL,
  fuel      TEXT NOT NULL,
  paise     INTEGER NOT NULL,
  page_date TEXT,
  PRIMARY KEY (seen_at, city_id, fuel)
);

CREATE VIEW roj AS
SELECT city_id, fuel, seen_date, paise,
       MAX(seen_at) AS seen_at
FROM nond GROUP BY city_id, fuel, seen_date;
```

किल्ली तारखेवर नाही, पाहिल्याच्या वेळेवर आहे, हे मुद्दाम. दर सहाला लागू होतात, पण पान सहालाच बदलेल याची खात्री नसते. माझी पहिली फेरी सकाळी ७:१० ला आणि दुसरी ११:१० ला असते. पहिलीने कधी कधी कालचाच आकडा आणलेला असतो. तारखेवर किल्ली ठेवून 'आधीच आहे, सोडून दे' असं केलंत तर शिळा आकडाच कायमचा राहतो. इथे दोन्ही ओळी राहतात आणि `roj` दिवसातली शेवटची उचलतो. दर पैशांत, पूर्णांकात. रुपयांत दशांश ठेवले की कधीतरी ०.०००१ च्या फरकाला 'बदल' म्हणून मोजाल.

सर्व्हर UTC वर असेल तर क्रॉनच्या ओळी अशा:

```
40 1 * * *
40 5 * * *
```

आणि `seen_date` काढताना भारतीय वेळेचीच तारीख घ्या. आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत UTC मध्ये कालचीच तारीख चालू असते. करकपात बहुतेक मध्यरात्रीपासून लागू होते, त्यामुळे कोणी उत्साहाने पहाटेची फेरी लावली की कपात एक दिवस आधी झाल्यासारखी दिसते.

याबरोबर त्या पानाची मूळ HTML प्रतही रोज दाबून (gzip) ठेवा, वेळेच्या नावाने. नंतर कळलं की स्क्रिप्ट डिझेलच्या दराऐवजी शेजारचा 'बदल' हा रकाना उचलत होती, तर प्रतीवरून सगळं पुन्हा काढता येतं. प्रत नसेल तर ते दिवस गेले ते गेले. वर सांगितलेला माझा घोळ झाला तेव्हा मी प्रती ठेवत नव्हतो.

`page_date` मध्ये पानावर छापलेली तारीख जाते. तिच्यावर फार विसंबू नका. दर गोळा करून दाखवणाऱ्या काही संकेतस्थळांवर माथ्यावरची तारीख आपोआप आजची होते, खाली आकडे जुनेच असतात. दर महिनोन्महिने थिजलेले असताना हे नुसतं बघून ओळखू येत नाही. माझा उपाय साधा आहे: दोन-तीन शहरं तेल कंपनीच्या स्वतःच्या दराशी ताडून पाहायची. इंडियन ऑइलच्या पंपासाठी `RSP`, मग एक मोकळी जागा सोडून पंपाचा डीलर कोड असा एसएमएस ९२२४९९२२४९ ला पाठवला की त्या पंपाचा दर येतो. आठवड्यातून एकदा पुरे.

उलटंही होतं. कुठेही काही जाहीर झालेलं नसताना एखाद्या जिल्ह्याचा दर रोज दहा-वीस पैशांनी वरखाली होताना दिसतो. घाबरू नका. 'शहराचा दर' असा एक दर मुळात नसतोच, दर पंपाचा असतो, आणि डेपोपासूनच्या वाहतुकीप्रमाणे तो पैशांनी बदलतो. मनमाडच्या डेपोपासून लांब पडणाऱ्या परभणीत पेट्रोल राज्यात सर्वांत महाग म्हणून बातम्या यायच्या, त्या याच कारणाने. स्रोत आज एक पंप आणि उद्या दुसरा धरत असेल तर अशी थरथर दिसते. एकच जिल्हा थरथरतोय की सगळे एकदम हलले, हे बघा. सगळे एकदम हलले तर मूळ दर किंवा कर बदलला. यालाही अपवाद आहे: १ जुलै २०२४ पासून मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई महापालिका क्षेत्रांतच व्हॅट कमी झाला, पेट्रोलवर २६ चा २५ टक्के, डिझेलवर २४ चा २१. तेव्हा तेवढीच शहरं हलली आणि ते खरं होतं.

बहुतेक जण स्क्रिप्टमध्ये 'पाच रुपयांहून जास्त फरक दिसला तर आकडा टाकून दे' अशी चाळणी लावतात. कृपा करून टाकून देऊ नका. ४ नोव्हेंबर २०२१ ला उत्पादन शुल्क डिझेलवर १० रुपयांनी कमी झालं आणि दिल्लीत डिझेल ९८.४२ वरून ८६.६७ वर आलं, म्हणजे ११.७५ ने. शुल्क कमी झालं की त्यावर टक्केवारीने बसणारा व्हॅटही आपोआप घटतो, म्हणून दहापेक्षा जास्त. अशा चाळणीने त्या वर्षातली सर्वांत मोठी घटनाच गाळली असती. ओळ लिहा, आणि स्वतःला ईमेल पाठवा की माणसाने डोळ्यांनी बघावं. टाकून द्यायचं ते फक्त रिकामं, शून्य किंवा आकडाच नसलेलं, आणि तेव्हा ओळ न लिहिता स्क्रिप्टने आरडाओरडा करून थांबावं.

`city_id` तुमचा स्वतःचा ठेवा, स्रोतावरचं नाव नको. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. स्रोताने नाव बदललं त्या दिवशी जुन्या नावाचा इतिहास संपतो आणि नवं शहर जन्माला येतं. त्यात बिहारमध्येही औरंगाबाद आहे, आणि तिथला कर वेगळा. नुसत्या नावावर जोडलंत तर एक दिवस दोन्ही एकमेकांत मिसळतील.

मागच्या काळाचं म्हणाल तर दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई या चार महानगरांच्या दरबदलांच्या याद्या पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसी या कक्षाकडे मिळतात. त्या आणून वेगळ्या तक्त्यात ठेवा, `nond` मध्ये मिसळू नका, कारण त्या तुम्ही पाहिलेल्या नाहीत. लातूर-सांगलीसाठी असं तयार काही मिळेल या आशेवर राहू नका. एखाद्या दिवसाची प्रत वेबॅक मशीनवर सापडली तर चांगलंच.

आलेख पायरीसारखा काढा, गोलाई दिलेली रेघ नको. दुपारी दर अर्ध्यावर नसतो. आणि ते चार दिवस आजच पुसून टाका. कुठले चार होते हे तुम्हाला अजून आठवतंय तोवर.